दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे फुटेज एकसारखे कसे दिसेल?

लग्नाचे चित्रीकरण एका सोनी आणि एका कॅनन कॅमेऱ्यावर केले आहे. कट बदलला की चेहऱ्याचा रंग बदलतो. रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी कुठून सुरू करावी?

सुरुवात रंगापासून नव्हे, एक्स्पोजरपासून करावी, कारण उजेड बदलला की रंगाची गडदताही बदललेली भासते. दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच क्षणी दिसणारी पांढरी वस्तू, उदाहरणार्थ नवरदेवाचे उपरणे, निवडावी आणि वेव्हफॉर्म या उजेड दाखवणाऱ्या आलेखावर तिची उंची पाहावी. ज्याचे फुटेज अधिक चांगले आहे तो कॅमेरा आधार मानून दुसऱ्याचे उपरणे उजळ भाग बदलणाऱ्या Gain ने आणि काळे केस गडद भाग बदलणाऱ्या Lift ने त्याच उंचीवर आणावेत.

त्यानंतर परेड, म्हणजे तिन्ही मूळ रंग वेगवेगळे दाखवणारा आलेख, उघडावी. उपरण्याच्या जागी लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही पट्टे समान उंचीवर आले, की पांढरा रंग खरोखर पांढरा झाला असे समजावे. मात्र हळदीच्या पिवळ्या मांडवात उपरण्यावरही पिवळी झाक असते, तेव्हा ती पुसून न टाकता आधाराच्या शॉटइतकीच ठेवावी. एवढे करूनही चेहरा हिरवट वाटला, तर फक्त त्वचेचा रंग निवडून त्याचे ह्यू, म्हणजे रंगछटा, किंचित लालाकडे सरकवावे आणि रंगाची दिशा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर दोन्ही चेहरे एकाच दिशेला येतात का ते तपासावे.

शार्पनेस शेवटी जुळवावी. मऊ चित्र धारदार करण्यापेक्षा धारदार चित्र हलकेसे मऊ करणे मला योग्य वाटते, कारण जास्त शार्पनिंगमुळे दागिन्यांच्या कडांना पांढरी रेघ उमटते.