शुगर नॉर्मल, तरी थरथर का होते?

प्रश्न: काल दुपारी हात थरथरत होते, दरदरून घाम सुटला, मीटरवर शुगर मात्र 104. मीटर खराब आहे का? गोळ्या महिन्याभरापूर्वीच सुरू झाल्यात.

माझं अगदी असंच झालं होतं, इंदूरला राजवाड्याजवळ, मार्केटमध्ये खरेदी करताना. त्याआधी कित्येक वर्षं शुगर 280-300 च्या घरात होती नि मला काही त्रास नव्हता, मग गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत 110 वर आली. त्या दिवशी घरी येऊन साबणाने हात धुऊन दोनदा बघितलं, 108 आणि 112, तरी थरथर चालूच. घाबरून चार जिलेब्या खाल्ल्या, संध्याकाळी शुगर 290!

डॉक्टरांनी सांगितलं ते असं की शरीराला 300 ची सवय झालेली असते, त्यामुळे 110 सुद्धा त्याला "कमी" वाटतं आणि ते अ‍ॅड्रेनलिन सोडतं, थरथर, घाम, धडधड सगळं त्याचंच. साधारणपणे हा अलार्म 70 च्या आसपास वाजतो, पण शुगर खूप दिवस जास्त राहिली की तो वरच्या आकड्यालाच वाजायला लागतो. शुगर काही आठवडे ताब्यात राहिली की हळूहळू खाली सरकतो, माझा महिन्याभरात सरकला. तोपर्यंत 100 च्या वर असताना बसून घ्यायचं, फार तर दोन बिस्किटं, आणि पंधरा मिनिटांनी परत बघायचं. जिलेबी नाही.

पण दरवेळी हेच कारण असेल असं धरू नका हं. नंतर एकदा सकाळी बाहेरून पोहे-जिलेबी आणली, ती सगळ्यांना वाढता वाढता (स्वतः अजून खाल्लं नव्हतं) घाम फुटला म्हणून तसंच बोट टोचलं तर 132, म्हटलं चला तेच जुनं. बायको म्हणाली हात तर धुवा आधी, धुतले, पुसले, दुसऱ्या बोटातून घेतलं तर 61! बोटावरचा पाक मोजला गेला होता. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायलो.

आणि चांगलं मीटरसुद्धा 100 च्या खाली पंधरा इकडेतिकडे दाखवू शकतं, म्हणजे 78 दिसलं तर खरी 63 असू शकते. त्यामुळे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि 70-80 ला थरथर होत असेल तर मी आकड्याशी वाद घालत नाही, साखर घेतो.

तुमच्या 104 ला हात धुतले होते का ते आठवा. धुतले असतील तर मीटरपेक्षा आधीचे आकडे बघा, गोळ्यांआधी किती असायची? ती वही डॉक्टरांना दाखवा, डोस जरा हळू वाढवता येतो. गोळी मनाने बंद करू नका. आणि घामाबरोबर छातीत दडपण किंवा श्वास लागत असेल तर मीटर शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.