वीस मिनिटांत बरा झालेला रुग्ण

प्रिय डॉक्टर,

तुम्ही कळवलेल्या ६१ वर्षांच्या शिंपीकाकांची हकिकत वाचली. सकाळी सातला हातातला चहाचा कप निसटला, उजव्या हातात जोर राहिला नाही, बायकोशी बोलताना शब्द जुळेनात आणि वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. साडेआठला तुमच्यासमोर बसले तेव्हा तपासणीत काहीही सापडले नाही, सीटी स्कॅनही स्वच्छ आला, आणि घरचे म्हणू लागले की पित्त वाढले असेल, एक सलाईन लावा आणि सोडा. त्यांना घरी पाठवावे का, असे तुम्ही विचारले आहे. पाठवू नये.

मी स्वतः असाच एक रुग्ण उमेदवारीच्या दिवसांत घरी पाठवला होता. तिसऱ्या दिवशी तो उजव्या अंगाचा पक्षाघात घेऊन परत आला. टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून आपोआप पूर्ववत होणारा झटका, येऊन गेल्यानंतरच्या तीन महिन्यांत ज्यांना पक्षाघाताचा मोठा झटका येतो, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच येतो, हे मला तेव्हा पुस्तकातून ठाऊक होते, पण समोर हसत बसलेल्या माणसाकडे पाहून ते आठवले नाही. उलट बाजूही ध्यानात असू द्या: ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणी आणि औषधे त्याच दिवशी सुरू केल्यावर नव्वद दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले होते. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. जुनीच औषधे लवकर दिली गेली.

सीटी स्वच्छ आला याचा अर्थ मेंदूत रक्तस्राव नाही, एवढाच घ्यावा. रक्ताची गुठळी तेथे क्षणभर अडकून विरघळली की नाही, हे तो सांगत नाही. एमआरआयमधील डिफ्यूजन चित्रात मात्र अशा बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या मेंदूत लहानसा पांढरा ठिपका दिसतो, आणि मग त्याला टीआयए न म्हणता लहान पक्षाघात म्हणावे लागते. नाव बदलले तरी घाई तीच राहते. रक्तातील साखर मात्र सर्वांत आधी पाहावी, कारण साखर उतरल्यानेही हुबेहूब असेच चित्र दिसते.

आता प्रश्न उरतो तो हा, की गुठळी आली कोठून. उजवा हात आणि वाचा एकदम गेली म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाला असणार, म्हणून डाव्या मानेतील कॅरोटिड धमनीकडे पाहायचे. केवळ मानेच्या डॉप्लरवर थांबू नये. आपल्याकडे कवटीच्या आतील धमन्यांचे अरुंदीकरण वारंवार आढळते आणि ते मानेच्या डॉप्लरमध्ये दिसत नाही, म्हणून शक्य तेथे सीटी अँजिओग्राफी करावी. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, सापडले तर उपचाराची दिशाच बदलते. मग अ‍ॅस्पिरिनऐवजी रक्त पातळ करणारी अँटिकोआग्युलंट औषधे लागतात. एका ईसीजीत ते सापडले नाही म्हणून ते नाहीच, असे समजू नये. धमन्यांत कारण मिळाले नाही, तर हृदयाचे ठोके काही दिवस सलग नोंदवावेत.

टीआयएनंतरचा पक्षाघाताचा धोका मोजणारा एबीसीडी-टू गुणांक मी काकांसाठी मांडून पाहिला. वयाचा एक, रक्तदाब १६८/९६ होता त्याचा एक, हाताच्या अशक्तपणाचे दोन, वीस मिनिटे टिकल्याचा एक, मधुमेह नाही म्हणून शून्य, एकूण पाच. चार किंवा अधिक गुण असतील आणि रक्तस्राव नसेल, तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या चोवीस तासांच्या आत सुरू कराव्यात, पहिला डोस मोठा द्यावा आणि एकवीस दिवसांनंतर एकच गोळी ठेवावी. मात्र गुण कमी आले म्हणून कोणालाही निवांत सोडू नये, कारण मानेतील धमनी ८० टक्के बंद आहे की नाही हे या गुणांकाला कळत नाही.

डाव्या धमनीत खरोखरच ७० टक्क्यांहून अधिक अरुंदीकरण निघाले, तर त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाशी बोला. धमनीतील थर काढण्याची शस्त्रक्रिया दोन आठवड्यांच्या आत झाली तर तिचा लाभ सर्वाधिक असतो. नातेवाईक ‘लग्नसराई आटोपल्यावर बघू’ म्हणाले, तर हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

रक्तदाब पहिल्याच दिवशी झपाट्याने खाली आणू नका. पुढील आठवड्यांत तो १३०/८० च्या खाली न्यायचा आहे. स्टॅटिन आजच सुरू करा, एलडीएल ७० च्या खाली हवे. तंबाखूची मिश्री लावतात का, हे वेगळे विचारा, कारण ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला मिश्री लावणारे प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात.

दुसरी गोळी कोणत्या तारखेला बंद करायची, ती तारीखच डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा. कित्येक रुग्ण दोन्ही गोळ्या वर्षभर घेत राहतात आणि पोटातील रक्तस्राव घेऊन येतात. त्याच कार्डावर लिहा, की तोंड वाकडे झाले, हात पडला किंवा बोलणे अडखळले, तर ते थांबण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. ते काकूंना वाचून दाखवा, कारण त्या क्षणी काकांना बोलता येणार नाही.

आपला,
एक जुना सहकारी