घसा दुखतो तेव्हा गळ्याला येणारी गाठ

प्रश्न: चार दिवस झाले घसा दुखतोय, थोडा ताप होता. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लागतायत, दाबल्या की दुखतात. नेटवर बघितलं तर थेट कॅन्सरच दाखवतंय. काळजी करू का?

आज तरी नको. पण कॅलेंडरवर आजची तारीख आणि गाठीचा अंदाजे आकार लिहून ठेवा, हरभऱ्याएवढी, शेंगदाण्याएवढी, बोराएवढी, जे वाटेल ते. पुढे कधी डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर या एका ओळीचा उपयोग रिपोर्टांच्या फाइलपेक्षा जास्त होतो. मी तालुक्याच्या गावात २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. ‘गाठ कधीपासून आहे?’ असं विचारलं की निम्मे पेशंट शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतात.

लहानपणी पायात काटा मोडून जखम पिकली की जांघेत अवधाण यायचं, आठवतंय? तुमच्या गळ्यात आलंय ते तेच. रक्तातलं थोडं पाणी सतत केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, पेशींच्या मधून फिरतं आणि बारीक नळ्यांतून पुन्हा रक्तात जातं. वाटेत त्याला या लसिका ग्रंथींमधून जावं लागतं. अंगभर अशा शेकडो ग्रंथी आहेत आणि गळ्यात त्यांची दाटी जास्त, कारण नाक, तोंड, घसा हे जंतूंचे नेहमीचे दरवाजे. टॉन्सिलकडून येणारं पाणी जबड्याच्या कोपऱ्याखालच्या ग्रंथीत उतरतं, म्हणून घसा धरला की बहुतेकदा तीच हाताला लागते.

घशातल्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन या ग्रंथीत येतात. तिथे लाखो पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला एखादाच विशिष्ट तुकडा ओळखता येतो. जिची ओळख पटते ती भराभर दुप्पट, चौपट होत जाते. चार-पाच दिवसांत ग्रंथी या नव्या पेशींनी गच्च भरते, तिच्यावरचं पातळ आवरण ताणलं जातं आणि दुखतं. म्हणजे ही गाठ बहुतेक वेळा आजार नसते, आजाराशी चाललेलं काम असतं. जंतू संपले की जादा पेशी मरतात, पण सावकाश. घसा आठवड्यात बरा होतो, गाठ मात्र दोन-तीन आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त रेंगाळते. ‘घसा बरा झाला, गाठ का नाही गेली?’ म्हणून घाबरून येणारे पेशंट माझ्याकडे सगळ्यात जास्त. मुलांच्या आणि बारीक माणसांच्या गळ्यात तर वाटाण्याएवढ्या एक-दोन गाठी कायमच लागतात.

एक काम मात्र बंद करा: दिवसातून दहादा चाचपणं. चोळून चोळून गाठ दुखरी होते आणि मग ‘वाढतेय’ असं वाटायला लागतं. आठवड्यातून एकदा हात लावा, पुरे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. सर्दी-खोकला सोबत असेल तर ते बहुधा व्हायरसचं काम, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खोकला नाही, ताप चांगला आहे आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतायत, असं असेल तर डॉक्टरला घसा दाखवा, तिथे अँटिबायोटिकची गरज पडू शकते. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. ते का, हे सांगायला एक केस सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एक १९ वर्षांची मुलगी आली. हॉस्टेलवर राहणारी. अडीच महिन्यांपूर्वी घसा दुखला होता, तेव्हापासून उजव्या बाजूला गाठ. तीन ठिकाणी दाखवलं, तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. शेवटच्या ठिकाणी सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या होत्या. गाठ आठवडाभर बसली आणि परत आली. मी हात लावला तेव्हा ती एक गाठ नव्हती. तीन गाठी एकमेकींना चिकटून सुपारीएवढा गोळा झाला होता. दाबलं तर दुखत नव्हतं आणि कातडीखाली एका जागी मऊ लागत होतं. गरमपणा नाही, लाली नाही. वजनाचं विचारलं तर आईच म्हणाली, ‘डॉक्टर, हिचे ड्रेस ढगळ व्हायला लागलेत.’ संध्याकाळी कणकण असायची, ती मेसच्या जेवणावर ढकलली गेली होती.

याला आपल्याकडे जुने लोक गंडमाळ म्हणत. गाठींचा टीबी. भारतात लांबलेल्या गाठीमागे तो नेहमी डोक्यात ठेवावा लागतो. बारीक सुईने गाठीतला मासला काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली आणि टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनवर तपासला, टीबी निघाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, म्हणजे तिच्यापासून घरात कुणाला लागण व्हायची भीती नव्हती. पण तिचं ताट-वाटी आधीच वेगळी केलेली होती. सरकारी दवाखान्यातून सहा महिने फुकट औषधं मिळाली. दुसऱ्या महिन्यात गाठ थोडी मोठी झाली, तेव्हा घरचे गोळ्या बंद करायला निघाले होते. औषध चालू असताना असं होऊ शकतं, गोळ्या सोडायच्या नाहीत. कुणीतरी चिरा मारून घ्यायचाही सल्ला दिला होता. तो ऐकला नाही हे बरं, अशी जागा कापली की महिनोन् महिने वाहत राहते.

आणि ते स्टेरॉइड. निदान न होता ते दिलं तर लिम्फोमा नावाच्या कॅन्सरची गाठही काही दिवस बसते आणि तपासणीत नीट सापडत नाही. म्हणून लांबलेल्या गाठीवर आधी सुई, मग औषध.

तेव्हा तुम्ही जपायचं ते असं. तीन-चार आठवड्यांनी गाठ उतरणीला लागलेली नसेल, किंवा घसा बरा होऊनही वाढतच असेल, तर दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, उलट न दुखणारी, दगडासारखी टणक, बोटाखाली न सरकणारी गाठ जास्त वाईट. चाळिशीच्या पुढचा माणूस, त्यात तंबाखू, मिश्री किंवा गुटखा, आणि एका बाजूला अशी गाठ, तर महिनाभरही थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तोंड आणि घसा आतून बघून घ्या. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागलेली गाठ कुठल्याही वयात लगेच दाखवायची, तिथे घशाचं पाणी उतरत नाही, छाती आणि पोटाकडून उतरतं. रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम आणि कारण नसताना घटलेलं वजन, यांनाही तोच नियम.

आठवडे मोजत बसायचं नाही असा एक प्रकार आहे. तोंड दोन बोटंही उघडत नाही, लाळ गिळता येत नाही म्हणून गळतेय, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय किंवा श्वासाला त्रास होतोय, तर टॉन्सिलमागे पू झालेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा.