साहेब, गुरुवारी मागं कुठलं ठेवू?

"साहेबांनी दोन कामं एकाच दिवसात मागितलीत, दोन्ही बसत नाहीत. कुठलं सोडू असं विचारलं तर कामचुकार वाटेन का?"

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत प्लॅनिंग बघतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याला १६० ब्रॅकेट जायचे होते, आणि सोमवारी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माणूस नव्या पंप केसिंगचं सॅम्पल बघायला येणार होता. दोन्हींना मोल्डिंग मशीन एकच. फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, तपासणी यांत पुढचे दोन दिवस जातात, म्हणून ओतकाम गुरुवारीच हवं, आणि त्याचे कोर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, आदल्या दिवशी. ब्रॅकेटला ८ तास, सॅम्पलला पॅटर्न बदलण्यासकट ४, पाळी मात्र ८ तासांची. रात्रपाळीला भट्टीवर माणूस नव्हता.

"बसत नाही" एवढंच घेऊन केबिनमध्ये गेलो असतो, तर "बसव की कसंतरी" हेच ऐकून परत आलो असतो. म्हणून आधी पुण्याच्या स्टोअरला फोन करून शिल्लक किती ते विचारलं. मंगळवारपर्यंत पुरेल एवढा माल होता, पुढं रोजचे ४० लागतात. उशिराबद्दल तिथं अवाक्षर काढलं नाही, कारण ते गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही हे साहेब ठरवणार. मग टेम्पोवाल्याला जादा फेरीचं भाडं विचारलं.

बुधवारी दुपारी हे सगळं एका कागदावर मांडून केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "साहेब, उद्या ८ तासांत १२ तासांचं काम आहे. माझ्या मते सॅम्पल घेऊ, आणि ब्रॅकेट ८० शनिवारी, ८० मंगळवारी रात्री पाठवू. एका टेम्पोचं भाडं अंगावर पडेल, पण त्यांची लाइन थांबणार नाही. चार वाजता कोर करायला घ्यायचेत. असंच करू, का उलटं?"

त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "उलटं कर." पूर्ण लॉट पोचल्याशिवाय मागचं बिल निघणार नव्हतं. हे मला ठाऊकच नव्हतं. आपलं मत द्यावंच, पण शेवटी प्रश्न उघडा ठेवावा तो यासाठी. सॅम्पलवाल्यांना फोनही त्यांनीच केला आणि भेट पुढच्या गुरुवारवर नेली. माझ्या फोननं ती हलली नसती.

आता तुमचे साहेब "दोन्ही कर" म्हणाले तर? वाद घालू नका. "ठीक, सकाळी मशीनवर पहिलं कुठलं लावू?" एवढंच विचारा. पहिलं कुठलं ते सांगताना मागं राहणारं कुठलं हेही त्यांना ठरवावंच लागतं. विचारायचं मात्र कोर करायला घ्यायच्या आधी. चुकीचे कोर तयार झाल्यावर विचारलंत तर निवडायला काही उरलेलं नसतं, आणि तेव्हा मात्र तुम्ही सबब सांगताय असंच वाटतं.

केबिनमधून बाहेर पडल्यावर मी व्हॉट्सॅपवर दोन ओळी टाकल्या: "ठरल्याप्रमाणे उद्या ब्रॅकेट १६०. केसिंग सॅम्पल सोमवारी ओतणार, भेट गुरुवारी." दोन मिनिटांत त्यांचा अंगठा आला, आणि मी कोर शॉपला निरोप दिला.