‘मी’ला दुसरा शब्द?

प्रश्न: शाळेतल्या बाई निवृत्त होताहेत, त्यांच्यासाठी शुभेच्छापत्र लिहिलंय. बायको म्हणते त्यात ‘मी मी’ फार झालंय. ‘मी’ला दुसरा शब्द आहे का? ‘आम्ही’ केलं तर चालेल? मसुदा असा: ‘मी आपणास मनापासून शुभेच्छा देऊ इच्छितो. मला आठवतं, मी पाचवीत होतो तेव्हा मी गणितात नापास झालो होतो. मी आज इंजिनिअर आहे याचा मला अभिमान वाटतो. मी आपल्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करतो.’

पाच ‘मी’, दोन ‘मला’. बाई आहेत त्या फक्त ‘आपणास’ आणि ‘आपल्या’ या दोन शब्दांत, त्याही नुसत्या घेणाऱ्या म्हणून. बायकोचं ऐका.

आधी ते ‘देऊ इच्छितो’ काढा. प्रत्येक निवेदकाच्या तोंडी हे ऐकून कान किटले. शुभेच्छा म्हणजे मुळात इच्छाच, ती देण्याची पुन्हा इच्छा कसली? आणि नुसती इच्छाच असेल तर अजून दिलेल्या नाहीत. ‘शुभेच्छा’ एवढं पुरतं.

‘आम्ही’ नको. ‘आम्ही’ म्हणजे घोळक्यातला ‘मी’, आणि त्यात बाई येत नाहीत. त्यांना आत घेणारा शब्द मराठीत आहे, ‘आपण’, आणि तो काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृतात ‘अप्पाण’, मराठीत ‘आपण’. म्हणजे मूळ अर्थ ‘स्वतः’. ‘तो म्हणाला, आपण येणार नाही’ यात तो अजून शाबूत आहे. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघे आले. ‘आपण बसावं’ यात बोलणारा उभाच राहिला, मान सगळा समोरच्याला. आणि मुंबईच्या नाक्यावर ‘आपण नाय घाबरत कोणाला’ म्हणणाऱ्याने तो परत स्वतःकडे ओढून घेतला! स्वतःला दाखवणारा शब्द समोरच्याचा मान राखायला लागावा, हा प्रवास मला फार आवडतो.

आदरार्थी ‘आपण’ हिंदीच्या ‘आप’वरून उचलला असं काही व्याकरणप्रेमी ठासून सांगतात. ‘आप’सुद्धा ‘आत्मन्’चंच अपत्य, म्हणून दोघे सारखे दिसतात. पण सख्ख्या भावाचं नाक सारखं असलं म्हणून ते उसनं घेतलं असं कोणी म्हणत नाही. माझा लाडका तर्क दक्षिणेकडे बोट दाखवतो. कन्नडमध्ये ‘तावु’ हा ‘स्वतः’चा अनेकवचनी शब्द आहे, आणि मोठ्या माणसाला ‘तावु’ म्हणूनच बोलावतात. ऐकणाऱ्याला आत घेणारं ‘आपण’ आणि बाहेर ठेवणारं ‘आम्ही’ असा भेद तेलुगू आणि तमिळमध्येही आहे. शेजारी इतके जवळ असताना दिल्लीकडे कशाला बघायचं? तर्क आहे, सिद्धान्त नाही. पण ‘आप’वाल्यांचाही तर्कच आहे, हे ते सांगत नाहीत.

असो, तुमचं पत्र. ‘होतो’, ‘झालो’ या रूपांतच ‘मी’ बसलेला आहे, तिथे तो वेगळा लिहायची गरज नाही. पण नुसता खोडून भागत नाही. ‘पाचवीत होतो, नापास झालो’ यातही गोष्ट तुमचीच चालली आहे. प्रत्येक क्रियापदाला विचारा, हे कोणी केलं? तुमच्या मसुद्यात बाईंनी काहीच केलेलं नाही. त्यांनी नेमकं काय केलं हे तुम्हाला पत्राने विचारलं, तेव्हा कळलं की नापासाच्या पेपरावर चुकलेल्या गणितात बरोबर आलेल्या शेवटच्या पायरीखाली त्यांनी लाल रेघ मारून ‘इथपर्यंत बरोबर’ लिहिलं होतं. अहो, हे मसुद्यात का नव्हतं?

आणि इतकं कौतुक करूनही, इथे ‘आपण’ नको. ‘आपण रेघ मारली’ वाचताना दोघांनी मिळून मारली असं वाटतं. वर्गात बाईंना ‘तुम्ही’च म्हणत होतात ना? मग:

‘बाई, पाचवीतल्या नापासाच्या पेपरावर तुम्ही एका पायरीखाली रेघ मारून “इथपर्यंत बरोबर” असं लिहिलं होतंत. पुढचं गणित तिथूनच सुटत गेलं. तुमच्या हातची ती लाल रेघ किती जणांच्या वह्यांत असेल! आता तपासायचे गठ्ठे संपले, दुपारी निवांत झोपा. तो पेपर मी जपून ठेवलाय.’

शेवटचा ‘मी’ काढू नका. ‘ठेवलाय’ हे रूप पेपराच्या लिंगावचनाप्रमाणे चालतं, ठेवणारा कोण ते त्यात कळत नाही. ‘मी’ गेला तर बाईंना वाटेल, तुमच्या आईने ठेवलाय.