स्वेट इक्विटी: कर आज भरायचा, शेअर तीन वर्षांनी विकायचे

"पुण्यात आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोन मित्रांनी पैसे घातले, मी दीड वर्ष पगार न घेता सॉफ्टवेअर लिहिलं. आता मला 20 टक्के स्वेट इक्विटी द्यायचं ठरलंय. व्हॅल्युएशन, लॉक-इन, मर्यादा वगैरे काय भानगड असते?"

मी कंपनी सेक्रेटरी आहे आणि अशा फायली वरचेवर हाताळतो. पहिला प्रश्न मीच विचारतो: आजच्या तारखेला कंपनीच्या कागदोपत्री तुम्ही कोण आहात? स्वेट इक्विटी, म्हणजे ज्ञानाच्या किंवा बौद्धिक संपदेच्या बदल्यात मिळणारे शेअर, फक्त संचालकाला किंवा कायम कर्मचाऱ्याला देता येते. सल्लागार, फ्रीलान्सर, 'आमचा टेक पार्टनर' यांना नाही. तेव्हा शेअर वाटपाच्या आधी तुमची पूर्णवेळ संचालक म्हणून नेमणूक आणि नेमणूकपत्र हे दोन्ही झालेलं हवं.

दुसरं, 'दीड वर्ष पगार घेतला नाही' हे एवढंच कारण पुरत नाही. कंपनी कायदा, 2013 च्या व्याख्येत हे शेअर तांत्रिक ज्ञान, बौद्धिक संपदेचे हक्क किंवा मूल्यवर्धन यांच्या बदल्यात, सवलतीत किंवा रोख न घेता दिले जातात. तुमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, म्हणजे मुद्दा भक्कम आहे, पण त्याचे हक्क कंपनीच्या नावावर करून देणारा लेखी करार करा. कंपनी स्थापन होण्याआधी लिहिलेला कोड आजही तुमच्याच मालकीचा असणार. पुढे गुंतवणूकदाराचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

आता 20 टक्क्यांचा हिशोब. समजा, आज 10,000 शेअर आहेत. तुम्हाला 2,000 दिले की काम झालं असं वाटतं, पण नवे शेअर आल्यावर एकूण 12,000 होतात आणि तुमचा वाटा 16.67 टक्केच राहतो. 20 टक्क्यांसाठी 2,500 लागतात. कायद्यातली मर्यादा अशी: एका वर्षात सध्याच्या भरणा झालेल्या भांडवलाच्या 15 टक्के किंवा 5 कोटी रुपये मूल्याचे शेअर, यांपैकी जे जास्त असेल तेवढे. लहान कंपनीला ही 5 कोटींची वाट मोकळी असते, म्हणून वर्षाची मर्यादा तुम्हाला अडवणार नाही. अडवते ती एकूण मर्यादा, भांडवलाच्या 25 टक्के. 10,000 वर 2,500 म्हणजे बरोबर काठावर. सरकारची स्टार्टअप मान्यता घेतली असेल, तर स्थापनेपासून 10 वर्षांपर्यंत हीच मर्यादा 50 टक्के होते. नसेल घेतली, तर आधी तो अर्ज करा.

व्हॅल्युएशन एक नाही, दोन गोष्टींचं करायचं: शेअरची रास्त किंमत आणि तुम्ही देताय त्या सॉफ्टवेअरची किंमत. दोन्हीसाठी नोंदणीकृत व्हॅल्युअर लागतो. त्याने आकडा का काढला, कुठल्या पद्धतीने काढला, हे संचालक मंडळाला उद्देशून लिहिलेल्या अहवालात यायला हवं आणि त्याचा गोषवारा सभेच्या नोटिशीसोबत सगळ्या भागधारकांना जायला हवा. समजा, शेअरची किंमत 2,000 रुपये निघाली. म्हणजे 2,500 शेअर 50 लाखांचे. सॉफ्टवेअर 40 लाखांचं ठरलं, तर उरलेले 10 लाख ही सवलत आहे हे ठरावात मोकळेपणी लिहा. सवलत कायद्याला मान्यच आहे. सॉफ्टवेअर ओढूनताणून 50 लाखांचं करून घेण्यात अर्थ नाही.

पण खरा चटका बसतो तो कराचा. शेअर मिळाले त्या दिवशीची बाजारकिंमत वजा तुम्ही प्रत्यक्ष दिलेली रक्कम, हा फरक तुमच्या पगाराच्या उत्पन्नात धरला जातो. हातात एक रुपया आलेला नसतो. वरच्या उदाहरणात नव्या कर-पद्धतीने, दुसरं काही उत्पन्न नाही असं धरलं, तर कर साधारण 11 लाख रुपये होतो. तो उगमात कापून भरायची जबाबदारी कंपनीची. आता पगारच नाही तर कापणार कशातून? मग तेवढी रक्कम तुम्हालाच कंपनीकडे भरावी लागते. आणि शेअर विकून ती उभी करता येत नाही, कारण वाटपाच्या तारखेपासून तीन वर्षं ते हस्तांतरित करता येत नाहीत. शेअर सर्टिफिकेटवर तसा ठळक शिक्काच असतो.

याच जागी बरेच लोक अडकतात. माझ्याकडे आलेल्या एका फायलीत व्हॅल्युअरचा अहवाल नीट होता, पण करासाठी मर्चंट बँकरचा, म्हणजे सेबीकडे नोंदणी असलेल्या वित्तसंस्थेचा, अहवाल कुणी घेतलाच नव्हता. सूचिबद्ध नसलेल्या कंपनीच्या शेअरची किंमत करासाठी मर्चंट बँकर ठरवतो, आणि त्या मूल्यांकनाची तारीख 180 दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. वर्षभराने ही चूक लक्षात आली तेव्हा कर आणि व्याज दोन्ही भरावं लागलं. तुम्ही दोन्ही अहवाल एकाच सुमारास घ्या.

म्हणून माझं स्पष्ट मत, द्यायचेच असतील तर लवकर द्या. हेच 2,500 शेअर किंमत 400 रुपये असताना मिळाले असते, तर मूल्य 10 लाख झालं असतं, आणि आजच्या नव्या कर-पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत असल्यामुळे, दुसरं उत्पन्न नसल्यास कर शून्य आला असता. गुंतवणूकदाराशी भाव ठरल्यावर हे करायला घेणं म्हणजे सगळ्यात महाग वेळ निवडणं. पात्र स्टार्टअपला हा कर काही वर्षं पुढे ढकलता येतो, पण त्यासाठी नुसती स्टार्टअप मान्यता पुरत नाही, आयकर सवलतीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. शिवाय तुम्ही नोकरी सोडली किंवा शेअर विकले की तो लगेच देय होतो.

तुमच्या दोन मित्रांसाठी एक गोष्ट सांगतो, तुम्हाला फारशी आवडणार नाही. लॉक-इन म्हणजे वेस्टिंग नाही; वेस्टिंगमध्ये जितका काळ काम कराल तितका शेअरवरचा हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होतो. शेअर मिळाल्यावर सहा महिन्यांत तुम्ही निघून गेलात, तरी ते तुमचेच राहतात, फक्त विकता येत नाहीत. मतदानाचा हक्कही असतो. आणि लॉक-इनमुळे ते शेअर तुम्हाला मित्रांच्या नावेही तीन वर्षं करता येत नाहीत. म्हणजे 'सोडून गेलास तर परत दे' असं कलम भागधारकांच्या करारात घातलं, तरी ते तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच चालवता येईल. कर्मचाऱ्यांना टप्प्याटप्प्याने द्यायचं असेल तर ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचा पर्याय देणारी योजनाच बरी. तिथे मान्यताप्राप्त स्टार्टअपला 10 वर्षांपर्यंत प्रवर्तकांनाही सामील करता येतं, एरवी नाही. काम बाकी असेल तर ईसॉप आणि काम होऊन गेलं असेल तर स्वेट इक्विटी, असं मी साधारणपणे सुचवतो.

कागदपत्रांचा क्रम थोडक्यात सांगतो. आधी व्हॅल्युअरचा अहवाल, मग मंडळाची सभा, मग भागधारकांचा विशेष ठराव. ठरावात शेअरची संख्या, बाजारकिंमत, मोबदला आणि कुणाला देणार हे सगळं हवं. ठराव 12 महिनेच चालतो, त्यात वाटप झालं नाही तर पुन्हा ठराव. ठरावानंतर 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे ठरावाचा फॉर्म MGT-14, वाटपानंतर 30 दिवसांत वाटपाचा फॉर्म PAS-3, आणि SH-3 नमुन्यात स्वेट इक्विटीची नोंदवही. ही नोंदवही बहुतेक कंपन्या विसरतात. पहिल्याच ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे गुंतवणूकदार कागदपत्रं तपासतो तेव्हा, तिची मागणी होते आणि मग घाईघाईत मागच्या तारखा घालून ती भरायची धडपड सुरू होते. तसं करू नका.