तिन्ही फेज वीस-वीस, तरी न्यूट्रलला बारा अँपिअर कसे?

प्रश्न: बेळगावच्या शहापुरात आमची बेकरी आहे, थ्री फेज कनेक्शन. आर फेजवर ओव्हन, बीवर गिझर आणि हीटर, वायवर पिठाचा मिक्सर, डीप फ्रीजर, एक्झॉस्ट. क्लॅम्प मीटर लावला तर तिन्ही फेज २०-२० अँपिअर, पण काळ्या न्यूट्रलवर १२-१३ येतात. डिप्लोमाच्या पुस्तकात लोड सारखा असेल तर न्यूट्रल शून्य. वायरमन म्हणतो लीकेज आहे, सगळं वायरिंग बदला. न्यूट्रलचा करंट गणिताने कसा काढायचा?

उत्तर: वायरिंगला आत्ताच हात लावू नका. तुमचा मीटर बरोबर आहे, पुस्तकही बरोबर आहे. वायरमनचं मात्र उलटं झालंय. लीकेज म्हणजे करंट न्यूट्रल सोडून अर्थला जाणं. तसा करंट न्यूट्रलमध्ये दिसतच नाही, कारण तो त्या वाटेने परत येत नाही.

खात्री करायची तर मेन बोर्डात बेकरीचा लोड सुरू असताना आर, वाय, बी आणि न्यूट्रल या चारही वायरी एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात घ्या. इन्सुलेशन शाबूत असलेल्या भागावरच, आणि बोर्ड उघडायची सवय असलेल्या माणसाच्या हातून. चारही मिळून जवळजवळ शून्य आलं तर गेलेला सगळा करंट परत येतोय. मग न्यूट्रल बाहेर काढा आणि फक्त तीन फेज एकत्र जबड्यात धरा. तिथे १२-१३च दिसले पाहिजेत. मीटर तिन्हींची कोनासकट बेरीज आपोआप करतो, आणि ती बेरीज म्हणजेच न्यूट्रलचा करंट. साध्या क्लॅम्पला मिलीअँपिअरमधलं लीकेज दिसत नाही हे खरं, पण १२ अँपिअरचं असतं तर इथे लपलं नसतं.

आता गणित. तुमच्याकडे क्लॅम्पने जे तीन आकडे आलेत ते करंट किती हे सांगतात, करंट कुठल्या कोनात आहे ते सांगत नाहीत. पुस्तकातल्या ‘सारखा लोड’ याचा अर्थ अँपिअरही सारखे आणि पॉवर फॅक्टरही सारखा असा असतो. तुमच्या आर आणि बीवर नुसत्या तापणाऱ्या कॉइल आहेत, त्यांचा करंट आपापल्या व्होल्टेजच्या बरोबरीने चालतो, पॉवर फॅक्टर १. वायवर मोटरी आहेत. सिंगल फेज मोटरींचा मिळून पॉवर फॅक्टर ०.८ धरू, म्हणजे त्यांचा करंट वायच्या व्होल्टेजच्या साधारण ३७ अंश मागे राहतो. वीस अँपिअर तिथेही आहेत, पण भलत्या कोनात.

वायच्या त्या २० अँपिअरचे दोन भाग पाडा. व्होल्टेजच्या दिशेने काम करणारा भाग २० × ०.८ = १६ अँपिअर. काटकोनात मागे उभा असलेला रिअॅक्टिव्ह भाग २० × ०.६ = १२ अँपिअर. मोटरींच्या जागी ओव्हनसारखाच लोड असता तर वायवर सरळ दिशेने २० असते आणि न्यूट्रल शून्य झाला असता. प्रत्यक्षात सरळ दिशेने ४ कमी आहेत आणि काटकोनात १२ जास्तीचे आहेत. हा जो फरक, तोच न्यूट्रलमध्ये वाहतो:

```
I_N = √(४² + १२²) = √१६० = १२.६५ अँपिअर
```

म्हणजे तुमचे १२-१३. तुमचे तिन्ही आकडे सारखे आहेत म्हणून हा शॉर्टकट चालला. आकडे वेगवेगळे असतील तेव्हा आरचं व्होल्टेज शून्य अंशावर धरून प्रत्येक करंटचा आडवा आणि उभा घटक काढायचा. वायचं व्होल्टेज −१२० वर, बीचं +१२० वर. तुमच्या वायचा करंट −१२० − ३६.९ = −१५६.९ अंशावर येतो:

```
          आडवा      उभा
आर       २०.००      ०.००
वाय     −१८.३९     −७.८६
बी      −१०.००     १७.३२
बेरीज    −८.३९      ९.४६

I_N = √(८.३९² + ९.४६²) = १२.६५ अँपिअर
```

उत्तर तेच. नेटवर आणि गाइडांत एक तयार सूत्र फिरत असतं:

```
I_N = √(Ir² + Iy² + Ib² − Ir·Iy − Iy·Ib − Ib·Ir)
```

यात तुमचे २०, २०, २० घाला, शून्य येतं. सूत्र चुकीचं नाही, पण ते तिन्ही फेजचा पॉवर फॅक्टर एकच असतानाच लागू पडतं. ही अट बहुतेक ठिकाणी छापलेली नसते, आणि विद्यार्थी नेमके तिथेच अडकतात. क्लॅम्पचे तीन आकडे घेऊन या सूत्रात घालणं म्हणजे सगळ्यांचा कोन सारखा आहे असं न बघता मान्य करणं.

आणखी एक मजा बघा. मोटरी सगळ्या बंद असताना, म्हणजे वायवर काहीच नसताना, न्यूट्रलमध्ये २० अँपिअर येतील. सगळं चालू असतानाच्या १२.६५ पेक्षा जास्त. म्हणून रीडिंग घेताना कोण चालू, कोण बंद हे शेजारी लिहून ठेवा. फ्रीजर मध्येच बंद पडला की आकडा बदलतो आणि माणूस मीटरला नावं ठेवतो.

आता लोड वाटायचा प्रश्न. ‘वायवरची एखादी मोटर उचलून दुसऱ्या फेजवर टाका’ असा सल्ला कोणीही देईल. कुठल्या फेजवर, हे मात्र महत्त्वाचं आहे. समजा डीप फ्रीजर ५ अँपिअरचा, पॉवर फॅक्टर ०.८. तो वायवरून काढून बीवर टाकला तर वरच्याच पद्धतीने न्यूट्रल १६.७ अँपिअर येतो, होता त्यापेक्षा वाढला. तोच फ्रीजर आरवर टाकला तर ८.४ वर उतरतो. क्लॅम्पवर मात्र आता आर २४.२, वाय १५, बी २० दिसेल. वीस-वीस-वीसपेक्षा हे कुणालाही वाकडं वाटेल, पण न्यूट्रल हलका झाला. फक्त आरचा एमसीबी २५चा असेल तर २४ अँपिअर अगदी काठावर आहे, तो आणि ओव्हनची वायर आधी बघा.

याला एक अट आहे. हा हिशेब फेजचा क्रम आर-वाय-बी असाच आहे असं धरून केलाय. ट्रान्सफॉर्मरवर किंवा पोलवर कोणी काम करताना दोन फेज अदलाबदल झाले तर आर आणि बीचे निकालही अदलाबदल होतात. वडगाव-खासबागेत ज्यांच्या घरी यंत्रमाग आहेत त्यांना हे लगेच कळतं, कारण थ्री फेज मोटर उलटी फिरते. तुमच्याकडे सगळ्या सिंगल फेज मोटरी, त्यामुळे काही कळणार नाही, न्यूट्रलचा करंट तेवढा वाढेल. फ्रीजर हलवण्याआधी फेज सिक्वेन्स मीटर लावून बघा, नाहीतर हलवून झाल्यावर तीन फेज एकत्र जबड्यात धरून आकडा खरंच उतरला का ते तरी बघा.

कपॅसिटरचा पर्याय आहे. वायवरचे ते १२ रिअॅक्टिव्ह अँपिअर पूर्ण मारले तर वायवर १६ उरतात आणि न्यूट्रल ४ वर येतो. त्यासाठी २३० व्होल्टला साधारण १६५ मायक्रोफॅरड लागतील. पण कपॅसिटर मेनवर कायमचा लावून ठेवू नका. मोटरी बंद आणि तो एकटाच चालू राहिला की वायवर १२ अँपिअर लीडिंग जातात आणि न्यूट्रल २० ऐवजी २३ वर चढतो. लावायचाच तर प्रत्येक मोटरीच्या स्विचमागे, तिच्याबरोबर चालू-बंद होईल असा.

एलईडी, यूपीएस, इन्व्हर्टर एसी असा लोड वाढवलात तर वरचं गणित पुरत नाही. त्यांचा तिसरा हार्मोनिक, १५० हर्ट्झचा, तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी चढतो-उतरतो. त्यामुळे तो न्यूट्रलमध्ये रद्द होत नाही, सरळ बेरीज होतो. प्रत्येक फेजला २ अँपिअर तर न्यूट्रलला ६. तिथे मीटरही ट्रू आरएमएसचाच हवा. तुमच्या कॉइल आणि मोटरींत हा प्रश्न नगण्य आहे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हे १२.६५ अँपिअर न्यूट्रलमधून नीट जातायत तोवर काही बिघडत नाही. न्यूट्रल तुटला तर त्यांना जागा उरत नाही आणि स्टारचा मधला बिंदू जागेवरून सरकतो. किती सरकतो ते काढता येतं: न्यूट्रलच्या करंटला तिन्ही फेजच्या अॅडमिटन्सच्या, म्हणजे करंट भागिले व्होल्टेजच्या, बेरजेने भागायचं, अर्थात कोनासकट. तुमच्या लोडला तो साधारण ५१ व्होल्ट सरकतो. मोटरींचा इम्पिडन्स तोच राहिला असं धरलं तर ओव्हनवर सुमारे २७३ व्होल्ट, गिझरवर १८५, मोटरींवर २४१ येतील. न्यूट्रल शाबूत असताना हाच लोड क्लॅम्पवर बघून कोणीही ‘बॅलन्स्ड’ म्हणाला असता, पण तुटल्यावर आरवर एखादा बिलाचा कॉम्प्युटर असेल तर तो जाऊ शकतो.

ओळखायचं कसं? एका फेजचे दिवे अचानक जास्त प्रखर, दुसऱ्याचे मंद, आणि मिक्सर सुरू केला की दोन्हीकडे बदल होतो. असं दिसलं तर आधी मेन स्विच पाडा, मग शोधाशोध. आपल्याकडच्या पावसात, खानापूरकडे तर विशेष, सर्व्हिस वायरच्या अॅल्युमिनियमला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असेल तर तो जोड गंजतो आणि गरम होतो. न्यूट्रलचा जोड बायमेटॅलिक लगने करून घ्या. न्यूट्रलच्या वाटेत वेगळा फ्यूज कुठे बसवलेला असेल तर तो काढून लिंक टाका. न्यूट्रलची वायर फेजच्याच जाडीची हवी. वायरमनला पैसे द्यायचेच असतील तर वायरिंगऐवजी या जोडासाठी द्या. मीटरच्या पोलकडच्या बाजूचा जोड असेल तर हेस्कॉमच्या लाईनमनकडूनच करून घ्या, तिथलं सील तुम्ही तोडू नका.